अडीच सेंटांचा वाद : विम्याच्या हप्त्यातला वाटा आणि हाती येणारा पगार

१/
१ ऑक्टोबर १९४९. अमेरिकेतील पोलादाच्या भट्ट्या एकामागून एक थंड होऊ लागल्या आणि सुमारे पाच लाख कामगार संपावर गेले. त्यांच्या मागणीत त्या वर्षी पगारवाढ उरलेली नव्हती. निवृत्तिवेतन आणि आरोग्याचा सामूहिक विमा हे दोन विषय होते आणि त्यांतही विमा द्यावा की नाही, यावर मुख्य वाद नव्हता. विम्याच्या हप्त्यातला काही भाग कामगाराच्या पगारातून कापायचा, की सारा भार मालकाने उचलायचा, हा प्रश्न होता. पगारपत्रकातील एका ओळीच्या कपातीसाठी एवढा मोठा उद्योग का थांबला, त्याचा हा इतिहास. 🧵

२/
आरंभ वीस वर्षे मागे, टेक्सासमधील डॅलस शहरात होतो. १९२९ मध्ये तेथील बेलर रुग्णालयाने शहरातील शिक्षकांसाठी एक योजना काढली. दरमहा ५० सेंट भरायचे आणि गरज पडल्यास वर्षात २१ दिवसांपर्यंत रुग्णालयातील उपचार मिळवायचे. योजनेमागे जस्टिन फोर्ड किंबॉल होते. ते पूर्वी डॅलसच्या शाळांचे अधीक्षक असल्याने शिक्षकांच्या बुडालेल्या बिलांचे दुखणे त्यांना ठाऊक होते. पुढे ‘ब्लू क्रॉस’ या नावाने देशभर पसरलेल्या योजनांचे मूळ येथेच सापडते. मात्र तिच्यात मालकाचा वाटा शून्य होता. पन्नासच्या पन्नास सेंट शिक्षकाचेच होते.

३/
या योजनेतली एक अट पुढच्या साऱ्या कथेची किल्ली आहे. किमान ७५ टक्के शिक्षक सामील झाले, तरच योजना सुरू होणार होती. कारण साधे आहे. सहभाग पूर्णपणे ऐच्छिक ठेवला, तर ज्यांना आजारपणाची धास्ती आहे तेच आधी पैसे भरतात आणि धडधाकट माणसे बाहेर राहतात. मग दर माणशी खर्च वाढतो, हप्ता चढतो आणि चढलेला हप्ता पाहून आणखी काही निरोगी माणसे बाहेर पडतात. सामूहिक विमा स्वस्त असतो, तो समूहात निरोगी माणसे टिकून असतात म्हणून. कामगाराचा वाटा जितका जड, तितकी ती टिकण्याची शक्यता कमी.

४/
मालक या चित्रात मोठ्या प्रमाणावर आला तो दुसऱ्या महायुद्धामुळे. युद्धकाळात कारखान्यांना माणसे मिळेनात आणि सरकारला महागाईची भीती होती. २ ऑक्टोबर १९४२ रोजी राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी स्थिरीकरण कायद्यावर सही केली आणि पगार साधारणपणे १५ सप्टेंबरच्या पातळीवर गोठवले गेले. पण त्याच कायद्यात ‘पगार’ या शब्दाची व्याख्या करताना वाजवी प्रमाणातील विमा आणि निवृत्तिवेतनाचे लाभ वगळले होते. पगार वाढवून कामगार ओढता येत नसेल, तर विमा देऊन ओढता येत होता. कायद्याने उघडी ठेवलेली ही खिडकी मालकांनी लगेच हेरली.

५/
त्याच सुमारास दुसरा बदल घडला. तोवर आयकर हा प्रामुख्याने बऱ्या मिळकतीच्या लोकांचा विषय होता. युद्धखर्चासाठी तो सामान्य कामगारापर्यंत आणण्यात आला आणि १ जुलै १९४३ पासून कर थेट पगारातून कापून घेण्याची पद्धत सुरू झाली. ठरलेला पगार आणि हातात पडणारा पगार यांच्यातील अंतर आता दर पगाराला कामगाराच्या डोळ्यांसमोर येऊ लागले. त्याच वर्षी महसूल खात्याने स्पष्ट केले की मालकाने सामूहिक विम्यासाठी भरलेला हप्ता कामगाराचे करपात्र उत्पन्न धरला जाणार नाही. १९५४ च्या महसूल संहितेतील कलम १०६ ने ही सवलत पक्की केली.

६/
या निर्णयात एक असमतोल दडला होता. मालकाने भरलेल्या हप्त्यावर कर नव्हता. कामगाराने स्वतःचा वाटा भरला, तर तो मात्र कर कापून उरलेल्या पैशांतून जात असे. म्हणजे एकाच विम्याचा एक डॉलर कोणाच्या खिशातून निघतो, यावर त्याची खरी किंमत ठरू लागली. १९४९ चा संप समजून घ्यायचा, तर हा असमतोल ध्यानात ठेवायला हवा.

७/
आता पोलादाकडे. १९४९ च्या उन्हाळ्यात ‘युनायटेड स्टीलवर्कर्स’ या संघटनेच्या आणि कंपन्यांच्या वाटाघाटी फिसकटल्या. संघटनेचे अध्यक्ष होते फिलिप मरे. राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी तीन सदस्यांचे चौकशी मंडळ नेमले आणि सप्टेंबरमध्ये त्याचा अहवाल आला. मंडळाने पगारवाढीची मागणी फेटाळली. त्याऐवजी दर माणशी, दर तासामागे सुमारे ६ सेंट निवृत्तिवेतनासाठी आणि ४ सेंट विम्यासाठी खर्च करावेत, अशी शिफारस केली. हे सारे दहा सेंट मालकानेच द्यावेत, कामगाराच्या पगारातून काही कापू नये, असेही म्हटले.

८/
मंडळाचा युक्तिवाद लक्षणीय होता. कारखान्यातील यंत्र झिजते, म्हणून मालक दरवर्षी घसाऱ्याची तरतूद करतो आणि ती धंद्याचा नेहमीचा खर्च मानतो. माणसाच्या शरीराचीही झीज होते. आजारपण ही तात्पुरती झीज, तर वार्धक्य ही कायमची. मग तिची तरतूदही धंद्याच्या खर्चातच का नसावी? पगारवाढ गमावूनही संघटनेने हा अहवाल स्वीकारला.

९/
कंपन्यांनी तो नाकारला. ‘यू. एस. स्टील’चे अध्यक्ष बेंजामिन फेअरलेस यांचा आक्षेप मुख्यतः तत्त्वाचा होता : कामगाराचा वाटा असलाच पाहिजे. या भूमिकेमागचे तर्कशास्त्र आजही मालकांच्या तोंडी ऐकू येते. जो स्वतः वर्गणी भरतो, तो योजनेची किंमत ओळखतो. खर्च वाढला तर त्याची झळ दोघांना लागते, त्यामुळे पुढच्या करारात लाभांची मागणी आवरती राहते. संपूर्ण भार एकदा डोक्यावर घेतला की वाढत्या खर्चाचा धोकाही एकट्या मालकाचा होतो. हे म्हणणे निव्वळ कंजूषपणाचे नव्हते.

१०/
संप महिनाभर चालला. ३१ ऑक्टोबरला ‘बेथलेहेम स्टील’ने पहिला समझोता केला आणि नोव्हेंबरमध्ये ‘यू. एस. स्टील’ही त्याच वाटेने गेली. निवृत्तिवेतनाच्या बाबतीत संघटना जिंकली. तो भार पूर्णपणे कंपनीवर आला. विम्याच्या बाबतीत मात्र कंपन्यांचे तत्त्व टिकले. दर तासामागे ५ सेंटांची योजना ठरली. अडीच सेंट कंपनीचे, अडीच सेंट कामगाराचे. तिच्यात आयुर्विमा, आजारपणातील साप्ताहिक भत्ता आणि रुग्णालयातील उपचारांचा विमा यांचा समावेश होता.

११/
अडीच सेंट म्हणजे हाती येणाऱ्या पगारात नेमके किती? एक नमुना कामगार घेऊ. त्याचा दर तासाला १ डॉलर ६० सेंट आणि आठवड्याचे ४० तास, असे मानू. आठवड्याचा पगार ६४ डॉलर झाला. विम्याची कपात ४० गुणिले अडीच सेंट, म्हणजे आठवड्याला नेमका १ डॉलर. महिन्याचे सरासरी तास १७३ आणि थोडे अधिक भरतात, तेव्हा महिन्याचा पगार सुमारे २७७ डॉलर ३३ सेंट आणि कपात ४ डॉलर ३३ सेंट. ही कपात करपात्र उत्पन्न कमी करत नव्हती. म्हणून हातात येणारी रक्कम पूर्ण ४ डॉलर ३३ सेंटांनी घटली.

१२/
आता खरी गंमत. कामगार म्हणू शकला असता, ‘माझा वाटा मी भरतो, पण त्यासाठी पगार अडीच सेंटांनी वाढवा.’ कंपनीचा खर्च तेव्हाही तासाला पाचच सेंट झाला असता. पण कामगाराच्या हाती काय आले असते? पगार महिन्याला ४ डॉलर ३३ सेंटांनी वाढला. १९४९ मध्ये आयकराच्या सर्वांत खालच्या टप्प्याचा प्रत्यक्ष दर १६.६ टक्के होता. (मानक वजावट आणि सामाजिक सुरक्षा कर गणित सोपे ठेवण्यासाठी येथे धरलेले नाहीत.) वाढीवर ७२ सेंट कर गेला आणि ३ डॉलर ६१ सेंट उरले. कपात मात्र ४ डॉलर ३३ सेंटांचीच. पगारवाढ मिळूनही महिन्याला ७२ सेंटांचा खड्डा राहिला.

१३/
तीन मार्ग शेजारी ठेवले की चित्र स्पष्ट होते. पगार तोच आणि हप्ता निम्मा-निम्मा : हाती येणारा पगार ४ डॉलर ३३ सेंटांनी कमी. पगार अडीच सेंटांनी वाढवून वाटा कामगाराकडून घेतला : ७२ सेंटांनी कमी. पाचही सेंट कंपनीने थेट भरले : काहीच कमी नाही. दुसऱ्या आणि तिसऱ्या मार्गात कंपनीचा खर्च सारखाच आहे, आणि विमाही तोच. फरक फक्त एवढाच की अडीच सेंट कामगाराच्या पगारातून फिरून गेले की सरळ गेले. फिरून जाणाऱ्या पैशांवर वाटेत सरकारने कर वसूल केला. संघटना मालकाच्या पूर्ण वर्गणीसाठी इतकी आग्रही का होती, त्याचे हे एक पक्के उत्तर आहे.

१४/
या आग्रहाची किंमतही मोजली पाहिजे. आपल्या नमुना कामगाराने ३१ दिवसांच्या संपात साधारण २८३ डॉलर पगार गमावला. विम्याची त्याची वर्षभराची कपात होती ५२ डॉलर. म्हणजे पाच वर्षांहून अधिक काळाच्या वर्गणीएवढी रक्कम एका महिन्यात गेली, आणि शेवटी वर्गणी भरावी लागलीच. बदल्यात मिळालेले निवृत्तिवेतन मोठे होते, यात शंका नाही. पण केवळ विम्याच्या ओळीपुरते पाहिले, तर तो महिना तोट्याचा ठरला.

१५/
या कथेचा उत्तरार्ध दहा वर्षांनी आला. १५ जुलै १९५९ रोजी पोलाद कामगार पुन्हा संपावर गेले. ११६ दिवसांनंतर न्यायालयाच्या आदेशाने काम सुरू झाले आणि जानेवारी १९६० मध्ये तडजोड झाली. या वेळी मुख्य झगडा कारखान्यातील कामाच्या नियमांचा होता. पण तडजोडीत एक कलम असे होते की विम्याचा संपूर्ण खर्च यापुढे कंपन्या उचलतील. वेतनदरातील पहिली वाढ मात्र डिसेंबर १९६० पर्यंत लांबली. म्हणजे मधल्या काळात दर तासाचा पगार जैसे थे राहिला, आणि तरीही हाती येणारा पगार वाढला, कारण कपातीची एक ओळ पुसली गेली होती. आणि या वाढीवर एक पैसाही आयकर नव्हता.

१६/
कर-कायद्यातील मूळ असमतोल पुढे १९७८ मध्ये दूर करण्याची सोय झाली. महसूल संहितेत आलेल्या कलम १२५ नुसार मालकाने तशी रीतसर योजना केली असेल, तर कामगाराचा वाटाही कर आकारण्याआधी कापता येतो. ही सोय आपोआप लागू होत नाही, मालकाने योजना लेखी स्वरूपात केलेली असावी लागते. त्यामुळे आजही अमेरिकन पगारपत्रकावर ही कपात करापूर्वीच्या रकान्यात आहे की करानंतरच्या, हे पाहावे लागते. करपात्र पगाराचा आकडा एकूण पगारापेक्षा त्या वाट्याएवढा कमी दिसला, तर कपात आधी झाली आहे.

१७/
फरक किती पडतो? ‘केएफएफ’ या संस्थेच्या वार्षिक पाहणीनुसार २०२४ मध्ये मालकामार्फत घेतलेल्या कौटुंबिक विम्याचा सरासरी हप्ता वर्षाला २५,५७२ डॉलर होता आणि त्यात कामगाराचा वाटा ६,२९६ डॉलर. महिन्याला तो ५२४ डॉलर ६७ सेंट होतो. कामगार २२ टक्क्यांच्या कर-टप्प्यात असेल आणि सामाजिक सुरक्षा व मेडिकेअरपोटी ७.६५ टक्के जात असतील, तर या रकमेवर एरवी २९.६५ टक्के गेले असते. कपात करापूर्वी झाली, तर हाती येणारा पगार सुमारे ३६९ डॉलरनेच घटतो. करानंतर झाली, तर पूर्ण ५२४ डॉलर ६७ सेंटांनी. विमा एकच, वाटा एकच, आणि अंतर महिन्याला साधारण १५५ डॉलरचे.

१८/
वाट्याची टक्केवारी मात्र फसवी असते. त्याच पाहणीत १९९९ चा कौटुंबिक हप्ता ५,७९१ डॉलर होता आणि कामगार त्यातले १,५४३ डॉलर, म्हणजे साधारण २७ टक्के भरत होता. २०२४ मध्ये हे प्रमाण सुमारे २५ टक्के आहे. टक्केवारी पाहणारा म्हणेल, कामगाराचा भार हलका झाला. पण महिन्याची कपात १२९ डॉलरवरून ५२५ डॉलरवर गेली. हे त्या त्या वर्षीच्या चलनातले आकडे आहेत आणि मधल्या काळात महागाईही वाढली, तरीही एवढी वाढ केवळ महागाईने झालेली नाही. पगार थोडा वाढला आणि हप्ता त्याहून वेगाने वाढला, तर वाढीव पगाराचा मोठा हिस्सा कपातच गिळते.

१९/
आणि मालकाचा वाटा? १९९९ मध्ये तो वर्षाला सुमारे ४,२४८ डॉलर होता, २०२४ मध्ये १९,२७६ डॉलर. हाती येणाऱ्या पगारात तो कुठेच दिसत नाही, म्हणून फुकट वाटतो. बहुतेक अर्थशास्त्रज्ञ तसे मानत नाहीत. मालक माणसामागचा एकूण खर्च पाहतो. विमा महागला, तर पुढील पगारवाढ तेवढी आखडते. १९७० च्या दशकात न्यू यॉर्क, न्यू जर्सी आणि इलिनॉय या राज्यांनी बाळंतपणाचा खर्च सामूहिक विम्यात धरणे बंधनकारक केले. त्याचा अभ्यास जोनाथन ग्रूबर यांनी १९९४ मध्ये प्रसिद्ध केला. ज्यांना हा लाभ मिळणार होता, त्यांच्याच वेतनात त्याचा खर्च जवळपास पूर्णपणे उतरल्याचे त्यांना आढळले.

२०/
याला मर्यादाही आहे. हे समायोजन हळूहळू होते आणि बहुतेकदा पगार कापून नव्हे, तर वाढ रोखून होते. कराराची मुदत सुरू असताना वेतनदर बांधलेला असतो. त्या काळात वाटा कोणाकडे आहे, यावर कामगाराच्या घरखर्चाचे गणित खरोखर बदलते. १९६० च्या पोलाद कामगाराचा नफा म्हणून खोटा नव्हता. मात्र १९४९ च्या चौकशी मंडळाच्या अहवालात दीर्घकालीन सत्यही स्पष्ट दिसते : पगारवाढ शून्य, आणि लाभांसाठी दहा सेंट. एक नाकारून दुसरे देताना दोन्ही एकाच थैलीतून येतात, हे मंडळाने कागदावरच मांडले होते.

२१/
ती थैली कामगाराला दाखवण्याचा प्रयत्न बराच उशिरा झाला. २०१० च्या आरोग्यसेवा कायद्यानंतर २०१२ या वर्षापासून मोठ्या मालकांना ‘डब्ल्यू-२’ या वार्षिक वेतन प्रमाणपत्राच्या बाराव्या रकान्यात ‘डीडी’ या खुणेपुढे विम्याचा एकूण खर्च नोंदवावा लागतो. त्यात मालकाचा आणि कामगाराचा, दोन्ही वाटे असतात. या रकमेवर कर लागत नाही, ती केवळ माहितीसाठी आहे. तिच्यातून वर्षभरात स्वतःच्या पगारातून कापलेला वाटा वजा केला, की उरते ती मालकाने भरलेली रक्कम. १९४९ मध्ये ती वजाबाकी सोपी होती : पाच सेंटांतून अडीच गेले, अडीच उरले.